ट्रेंड वीकलीचा, एन्ट्री तासाची, स्टॉपलॉस भलतीकडेच: या चुका टाळा

४ जून २०२४ चा मंगळवार ज्यांनी स्क्रीनसमोर काढला, ते तो विसरणार नाहीत. आधीच्या शुक्रवारी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला होता. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी बाजार दणक्यात वर उघडला आणि २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी लोकसभेचे निकाल लागले. दिवसभरात निफ्टी २१,२८१.४५ पर्यंत घसरला आणि २१,८८४.५० वर थांबला. त्या संध्याकाळी वीकली चार्ट उघडणाऱ्याला वरून खालपर्यंत भरलेली, महिन्यांची तेजी मोडणारी कँडल दिसत होती. शुक्रवारी निफ्टी २३,२९०.१५ वर बंद झाला, तेव्हा त्याच कँडलचं अंग जेमतेम उरलं होतं आणि खाली सुमारे दोन हजार पॉइंटांची शेपटी लोंबत होती. एकाच आठवड्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघाले, आणि त्यातला हिशोबात धरायचा फक्त शेवटचा.

तीन टाइमफ्रेम एकत्र वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. वीकली चार्टला एकच प्रश्न विचारायचा असतो: बाजू कोणती? डेलीला विचारायचं: भाव सोयीच्या जागी आला आहे का? आणि तासाच्या चार्टला: आत्ता घ्यायचं का? एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारला की गडबड होते.

अर्धवट कँडलवर विश्वास

आठवड्याची कँडल शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर पूर्ण होते. शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवारी. तोपर्यंत ती बनते आहे, म्हणजे बुधवारी दुपारी ‘वीकलीवर ब्रेकआउट झाला’ हे वाक्यच चुकीचं. माझी सवय साधी आहे. वीकली चार्ट मी शनिवारी सकाळी बघतो, यादीतल्या प्रत्येक शेअरपुढे ‘वर’, ‘खाली’ किंवा ‘नाही’ असं लिहितो आणि पुढचा आठवडाभर ते उत्तर बदलत नाही. ‘वर’ लिहायला दोन अटी: भाव २० आठवड्यांच्या ईएमएच्या वर हवा आणि ती रेषा स्वतः चढती हवी. ‘नाही’ हे उत्तर लोक लिहीतच नाहीत. खरं तर आडव्या बाजारात अर्ध्या यादीपुढे तेच यायला हवं.

हीच चूक ट्रेडिंगव्ह्यूच्या स्क्रिप्टमध्ये लपून बसते. तासाच्या चार्टवर वीकली ईएमए आणायला कोणीतरी कोड देतो, त्यात `lookahead_on` असतं, पण एक कँडल मागे जायला विसरलेले असतात. मग मागच्या डेटात सोमवारच्या कँडलवर शुक्रवारची किंमत दिसते आणि बॅकटेस्ट इतका सुंदर येतो की माणूस नोकरी सोडायचा विचार करू लागतो. बरोबर ओळ अशी:

```
//@version=5
indicator("Weekly EMA", overlay=true)
w = request.security(syminfo.tickerid, "W", ta.ema(close, 20)[1], lookahead=barmerge.lookahead_on)
plot(w)
```

यातला `[1]` म्हणजे ‘मागचा पूर्ण झालेला आठवडा’. तो काढून बघा. जुन्या चार्टवर रेषा भावाच्या आधीच वळताना दिसली, तर तुमची आधीची स्क्रिप्ट कशी होती ते कळेल.

खालून वर वाचणं

पंधरा मिनिटांपूर्वी तासाच्या चार्टवर काहीतरी आवडलेलं असतं. मग डेली उघडतो, तोही बरा वाटतो. मग वीकली उघडतो आणि तिथे ‘हो’ म्हणणारं काहीतरी शोधतो. ईएमए नसेल साथ देत तर आरएसआय, तोही नसेल तर एखादी तिरकी ट्रेंडलाइन. आधी लग्न ठरवून मग पत्रिका जुळवण्यातला प्रकार. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याभराचे सौदे काढा आणि किती वेळा वीकलीने तुम्हाला थांबवलं ते मोजा. एकदाही नसेल, तर तुम्ही वीकली बघत नाही, फक्त उघडता.

एन्ट्री तासाची म्हणून स्टॉपलॉसही तासाचा

ही सगळ्यात महाग चूक. आकड्यांत बघू. शेअर आणि भाव कल्पित आहेत, पण असे सौदे रोज होतात.

वीकलीवर शेअर ‘वर’ आहे. काही आठवड्यांपूर्वी त्याने ७८५ ची जुनी पातळी ओलांडली, ८४२ पर्यंत गेला आणि आता डेलीवर हळूहळू खाली येतोय. ७८० ते ७९० हा आपला पट्टा, कारण जिथे आधी भाव अडत होता तिथे आता आधार मिळायची शक्यता असते. भाव पट्ट्यात येईपर्यंत तासाचा चार्ट उघडायचाच नाही. भाव पट्ट्यात आला, तासाच्या चार्टवर ७८१ चा तळ झाला, तिथून ७९७ पर्यंत उसळला, पुन्हा ७८८ ला आला आणि मग एक तासाची कँडल ७९७ च्या वर, ७९९ ला बंद झाली. घसरणीतला शेवटचा अडथळा मोडला. ८०० ला खरेदी.

आता स्टॉप. तासाच्या चार्टकडेच बघत राहिलं तर नजर ब्रेकआउटच्या कँडलच्या तळावर, समजा ७९२ वर जाते. आठ रुपयांची जोखीम छान वाटते. पाच लाखांच्या भांडवलावर एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये गमवायची तयारी असेल, तर ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५ शेअर. ८०० च्या भावाने ते बरोबर पाच लाखांचे झाले. सगळं भांडवल एकाच शेअरमध्ये! आणि या शेअरचा डेली एटीआर, म्हणजे दिवसाची सरासरी हालचाल, १८ रुपये आहे. आठ रुपयांचा स्टॉप निम्म्या दिवसाच्या साध्या हेलकाव्यातच उडतो. दुसऱ्या दिवशी भाव ७९१ ला टेकतो, तुम्ही बाहेर, आणि आठवड्याअखेर शेअर ८३० ला. मग ‘वीकली ट्रेंड बघून काही उपयोग होत नाही’ असं आपणच म्हणायचं.

आपली कल्पना चुकीची केव्हा ठरेल? डेलीवरचा ७८१ चा तळ तुटला तर. म्हणून स्टॉप त्याच्या थोडा खाली, ७७६. जोखीम २४ रुपये, ५,००० भागिले २४ म्हणजे २०८ शेअर, रक्कम १,६६,४०० रुपये. तासाच्या चार्टने काम केलं ते एवढंच, की पट्ट्यात भाव आल्या-आल्या आंधळेपणाने घेण्याऐवजी भाव वळल्याचा पुरावा मिळाला. ८४२ च्या आधीच्या उंचीपर्यंत ४२ रुपये मिळतात, २४ च्या जोखमीवर पावणेदोन पट. चालेल.

पण आता समजा वीकलीवर मागे जाऊन पाहिलं आणि ८१५ ला दोन वर्षांपूर्वीचा मोठा उच्चांक निघाला, जिथे शेअर नुकताच ८४२ वरून परत येताना काही दिवस घुटमळला होता. मग वर मोकळी जागा पंधराच रुपये. तासाची कँडल कितीही देखणी असली तरी हा सौदा सोडायचा. डेलीचा चार्ट सहा महिन्यांपुरताच उघडा असेल तर ही रेषा दिसतच नाही.

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे स्टॉप उडाल्यावर टाइमफ्रेम बदलणं. ७७६ तुटला की ‘वीकली तर अजून चढताच आहे’ म्हणून थांबायचं. वीकलीचा पाया मोडायला भाव कदाचित ७२० पर्यंत जावा लागेल, पण आपण शेअर घेतले ते २४ रुपयांच्या हिशोबाने. ८० रुपयांचा स्टॉप ठेवायचा असता तर ६२ शेअरच घेतले असते. २०८ शेअर घेऊन ७२० ची वाट बघणं म्हणजे ५,००० ची जोखीम गुपचूप १६,६४० करणं.

तासाच्या चार्टवरची पंधरा मिनिटं

आपला बाजार ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. साठने भाग जात नाही. त्यामुळे तासाच्या चार्टवर दिवसाला सात कँडल येतात, सहा पूर्ण आणि सातवी ३:१५ ते ३:३० ची, पाव तासाची. चार्टवर मात्र ती बाकीच्यांसारखीच ऐटीत उभी असते. इंट्राडेवाल्यांचे सौदे शेवटच्या टप्प्यात कापले जातात, भाव झटका खातो आणि ‘तासाची कँडल ७९७ च्या वर बंद झाली’ असं दिसतं. ती एन्ट्री मी धरत नाही, दुसऱ्या दिवशी १०:१५ ला पहिली पूर्ण कँडल काय सांगते ते बघतो. याचा वैताग येत असेल तर ७५ मिनिटांचा चार्ट लावा: ३७५ चे पाच सारखे तुकडे पडतात, एकही उरत नाही. मात्र ईएमएचा आकडा मग नव्याने ठरवावा लागेल, कारण तासाच्या चार्टवरच्या २० कँडल म्हणजे जेमतेम तीन दिवस आणि ७५ मिनिटांवर चार.

वीकली खाली असताना काय?

परदेशी व्हिडिओ बघून शिकलेले इथे अडतात. तिकडे सरळ सांगतात, वीकली खाली तर उसळीवर विका. आपल्याकडे कॅश सेगमेंटमध्ये हातात नसताना विकलेला शेअर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो, रात्रभर ठेवता येत नाही. फ्युचर किंवा पुट घ्यायचा तर लॉटचा आकार आपल्या ५,००० च्या जोखमीत बसेलच असं नाही. त्यामुळे कॅशमध्ये काम करणाऱ्यासाठी ‘खाली’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच: हात बांधून बसणं. आणि वीकली उशिरा वळते हे आधीच गृहीत धरा. तळापासूनची पहिली उसळी या पद्धतीत हाती लागत नाही.

स्टॉप लावला, पण कुठे?

साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरती असते, संध्याकाळी ती रद्द होते. डिलिव्हरीच्या सौद्यात ७७६ चा स्टॉप जीटीटी म्हणून टाकावा लागतो, आणि त्यात ट्रिगर ७७६ ठेवला तर लिमिट थोडी खाली, समजा ७७० ठेवावी, नाहीतर भाव झपकन खाली गेला की ऑर्डर तशीच लटकते. तिमाही निकालाच्या दुसऱ्या दिवशी शेअर थेट ७५५ ला उघडला तर ७७० ची लिमिटही कामाला येत नाही. त्यावेळी सकाळी हाताने विकायचं, ४५ रुपयांच्या दराने २०८ शेअरवर ९,३६० रुपये सोडायचे. म्हणून यादीतल्या शेअरपुढे ‘वर’ लिहिताना शेजारी निकालाची तारीखही लिहून ठेवतो, आणि ती पुढच्या चार-पाच दिवसांत असेल तर तासाचा चार्ट उघडत नाही.