लग्नाच्या पुस्तिकेतलं एक पान: परधर्मीय पाहुण्यांसाठी

मेलबर्नमध्ये बस्तान बसलं, मुलं मोठी झाली, की घरात कधीतरी लग्न निघतं. पाहुण्यांच्या यादीत पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या बरोबरीने इथली नावं येतात: ऑफिसमधले सहकारी, शेजारी, मुलांचे कॉलेजमधले मित्र. त्यांत ग्रीक ऑर्थोडॉक्स असतात, कॅथलिक असतात, ज्यू, मुस्लिम आणि कुठलाच धर्म न मानणारेही असतात. त्यांच्या हातात देण्यासाठी एक छोटी पुस्तिका छापायचं ठरतं आणि विधी समजावून सांगणारं पान कोणी लिहायचं, कसं लिहायचं, इथे घोडं अडतं. नवीन आलेल्या कुटुंबांकडून हे मला वारंवार विचारलं जातं, म्हणून एकदा नीट लिहिते आहे.

आपण लिहायला बसलो की हटकून संस्कृतीपासून सुरुवात करतो. सोळा संस्कार, वेदकाळ, अग्नीचं महत्त्व. खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला त्या घडीला हवं असतं ते वेगळं. समोर आत्ता काय चाललंय, मी काय करायचं, आणि हे किती वेळ चालेल? या तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्या, अर्थ त्यानंतर एका वाक्यात. सगळा मजकूर एका पानाच्या दोन बाजूंत बसवा. हातात अक्षता धरलेला माणूस त्याहून जास्त वाचत नाही.

सगळ्यांत जास्त मेहनत घ्यावी ती मंगलाष्टकांवर, कारण तिथे पाहुणा नुसता बघत नाही, त्यालाही काही करायचं असतं. शेजारच्या एका मराठी कुटुंबात मुलाचं लग्न होतं, तेव्हा आम्ही मिळून हा भाग लिहिला. पुस्तिकेत तो इंग्रजीत गेला, आशय असा होता: “वधू आणि वर समोरासमोर उभे राहतील. त्यांच्यामध्ये एक पांढरं वस्त्र धरलेलं असेल, त्यामुळे ते एकमेकांना पाहू शकणार नाहीत. आशीर्वादाची पदं गायली जातील. प्रत्येक पदाच्या शेवटी तुम्हाला ‘सावधान’ असा शब्द ऐकू येईल. तेव्हा हातातले थोडेसे तांदूळ दोघांच्या दिशेने हलकेच टाका. सगळे एकदम टाकू नका, पदं अनेक आहेत. शेवटच्या पदानंतर वस्त्र दूर होईल, वाद्यं वाजतील आणि ते एकमेकांना हार घालतील. याला साधारण पंधरा मिनिटं लागतील. तांदूळ हा तुमचा आशीर्वाद आहे. टाकायचे नसतील तर उभं राहणंही पुरेसं आहे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. काही धर्मांत दुसऱ्या धर्माच्या पूजेला हजर राहायला हरकत नसते, पण त्यात भाग घ्यायला असते. अशा पाहुण्याला ऐन वेळी हातात अक्षता घेऊन अवघडून उभं राहावं लागू नये. कुंकवाचंही तसंच. दारात हळद-कुंकू, अत्तर घेऊन उभ्या असलेल्या मुलींना सांगून ठेवा की आधी विचारायचं, आणि कुंकू नको असेल त्याला फूल द्यायचं. पुस्तिकेत एवढंच: “कुंकू, प्रसाद आणि तांदूळ या तिन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत; नाही म्हणालात तर कोणालाही वाईट वाटणार नाही.” प्रसाद काय आहे तेही लिहा. शिऱ्यात काजू-बदाम असतात, पंचामृतात दूध, दही आणि मध असतो. इथे अन्नाच्या ॲलर्जीबद्दल लोक फार जागरूक असतात, आणि ते योग्यच आहे.

अक्षतांची एक व्यवहाराची बाजूही आहे. कुंकू ओलं राहिलं तर पाहुण्यांच्या फिक्या कपड्यांवर लाल डाग पडतात. आदल्या दिवशी तयार करून कागदावर पसरून पूर्ण सुकवा. हॉलवाल्यांना तांदूळ चालतात का हेही आधी विचारा. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या तांदळांवरून म्हातारी माणसं घसरतात. नको म्हणाले तर फुलांच्या पाकळ्या वापरा आणि पुस्तिकेत तोच शब्द छापा.

आता खरी गोंधळाची जागा. हार घातले, टाळ्या झाल्या, की आपली मंडळी उठून जेवणाकडे वळतात आणि होम, सप्तपदी वगैरे घरच्या चार माणसांसमोर चालू राहतं. बाहेरच्या पाहुण्याला वाटतं लग्न लागलं, संपलं. किंवा त्याला कळतच नाही की उठायचं की बसायचं, आणि तो भुकेला, एकटा पहिल्या रांगेत बसून राहतो. वास्तविक विवाहाचा गाभा पुढेच आहे. भारतातला १९५५ चा हिंदू विवाह कायदाही हेच सांगतो: जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. म्हणून माझा आग्रह असतो की जेवण सप्तपदीनंतर ठेवा, मधे सरबत आणि काही सुकं खाणं फिरवा. ते जमणार नसेल तर पुस्तिकेत स्वच्छ लिहा की अमुक वाजता जेवण सुरू होईल, विधी चालूच राहतील, कधीही उठलात तरी चालेल, पण सप्तपदीला परत या.

सप्तपदीला मात्र भरपूर जागा द्या. तांदळाच्या सात राशी मांडलेल्या असतात, वधू एकेका राशीवर पाऊल ठेवत पुढे जाते, वर तिच्या सोबत असतो. हे डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, त्यामुळे हातात पान असेल तर पाहुणे प्रत्येक पावलाबरोबर वाचतात. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं समृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. ‘सखा सप्तपदी भव’ हे शेवटचं वचन ऐकून परक्या पाहुण्यांचे चेहरे बदलतात, हे मी पाहिलं आहे. इंटरनेटवर सप्तपदीच्या ज्या याद्या फिरतात त्यांतल्या बऱ्याच या मंत्रांशी जुळत नाहीत. आपले गुरुजी कोणते मंत्र म्हणणार आहेत ते त्यांना फोन करून विचारा आणि त्यांचाच अर्थ छापा.

कन्यादानाचं काय लिहायचं, यावर घराघरांत वाद होतात. मुलीला विचारल्याशिवाय हा मजकूर छापू नका. काही मुली हा विधीच वगळतात, काही ठेवतात. ठेवला असेल तर जे दिसतं ते लिहा: वधूचे आईवडील दोघांचे हात जुळवून त्यांवर पाण्याची धार सोडतात आणि दोघांची जबाबदारी एकमेकांवर सोपवतात. कानपिळीसाठी एक ओळ हवीच, कारण वधूचा भाऊ वराचा कान पिळतो तेव्हा अनोळखी माणसाला भांडण झाल्यासारखं वाटू शकतं. “हा थट्टेचा भाग आहे, भावाला भेट मिळाली की तो कान सोडतो, मनसोक्त हसा” एवढं पुरे.

अंतरपाटावर आपण कुंकवाने स्वस्तिक काढतो. मेलबर्नमध्ये, विशेषतः कॉलफील्ड भागात, मोठा ज्यू समाज आहे, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात छळछावण्यांची आठवण जिवंत आहे. पांढऱ्या कापडावरचं लाल चिन्ह अचानक समोर आलं तर त्यांना काय वाटेल याचा विचार आपण करायला हवा. व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आणली; हिंदू, बौद्ध आणि जैन धर्मांतल्या स्वस्तिकाला त्या कायद्यात स्पष्ट सूट आहे. म्हणजे कायद्याची अडचण नाही, माणसांची आहे. मी सुचवते ते असं: ज्यू पाहुण्यांना आधी फोन करून सांगा, पुस्तिकेतल्या ओळीवर भागवू नका. पुस्तिकेत लिहा की हे हजारो वर्षांपासूनचं मंगलचिन्ह आहे, नाझींनी वापरलेल्या चिन्हाशी त्याचा संबंध नाही, आणि त्या चिन्हाने दिलेल्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मात्र स्वस्तिक नको, तिथे कलश किंवा गणपती ठेवा. मुखपृष्ठ खुलासा वाचायच्या आधी दिसतं. वर सांगितलेल्या लग्नात मुलाच्या आईने शेजारच्या ज्यू आजी-आजोबांना घरी चहाला बोलावून अंतरपाटच दाखवला. ते लग्नाला आले आणि शेवटपर्यंत बसले. काही घरं अंतरपाटावर ॐ काढतात, तेही चालतं. तो निर्णय तुमचा.

होमाबद्दल लिहिताना इथलं हवामान लक्षात ठेवा. उन्हाळ्यात यारा व्हॅलीसारख्या ठिकाणी उघड्यावर लग्न ठेवलं आणि त्या दिवशी ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला, तर उघड्यावर अग्नी पेटवता येत नाही. हॉलमध्ये असेल तर धुराचे अलार्म कसे हाताळायचे ते व्यवस्थापकाशी लेखी ठरवा. पुस्तिकेत दम्याच्या पाहुण्यांसाठी लिहा की थोडा धूर होईल, मागच्या रांगा दाराजवळ आहेत.

इथल्या कायद्याने लग्न व्हायला नोंदणीकृत सेलिब्रंट, म्हणजे लग्न लावायचा अधिकार असलेली व्यक्ती, आणि दोन साक्षीदार लागतात, आणि लग्न करणार असल्याच्या सूचनेचा अर्ज किमान एक महिना आधी सेलिब्रंटकडे पोचावा लागतो. काही गुरुजी स्वतःच सेलिब्रंट असतात. सह्या मंडपातच होणार असतील तर त्याचीही वेळ छापा. पाहुण्यांना हा भाग ओळखीचा वाटतो.

भाषेबद्दल दोन गोष्टी. “हिंदू लोक असं मानतात” असं लिहू नका, “आमच्या घरी असं करतात” असं लिहा. महाराष्ट्रातच सत्यशोधक पद्धतीचं लग्न वेगळं, बौद्ध लग्न त्रिशरण-पंचशीलाने होणारं, अगदी वेगळं. एका घराने सगळ्यांच्या वतीने बोलू नये. आणि पाहुण्यांच्या विधींशी तुलना टाळा. ग्रीक लग्नातले मुकुट किंवा ज्यू लग्नातल्या फेऱ्या आपल्याला वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांचा अर्थ त्यांचा आहे. साम्य दिसलं तर ते स्वतःच जेवताना सांगतील.

छापायला देण्याआधी एका बिगरहिंदू मित्राला पान वाचायला द्या आणि विचारा, “तू कधी उभा राहशील, कधी बसशील, बूट कुठे काढशील?” बूट फक्त मंडपात चढताना काढायचे असतात, हे लिहायचं बहुतेक सगळेच विसरतात.