नऊ मिनिटांचा एकच टेक: अमळनेरकडच्या घरातली तयारी

समोर एक उदाहरण ठेवलं की एका अखंड टेकच्या तयारीची यादी नीट लागते. अमळनेर तालुक्यातलं एखादं जुनं, सरळ आत लांबत गेलेलं घर धरू. पुढे गल्ली आणि ओटा, मग ओसरी, अंधारं माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. डिसेंबरअखेरची सांज आहे. बाहेरगावी शिकणारी मुलगी बसनं उतरून घरी येते, ओसरीवर बापाशी बोलते, माजघरातून आत जाते आणि परसदारी चुलीवर भरिताची वांगी भाजणाऱ्या आईसमोर येऊन बसते. शेत विकायचं ठरलंय हे तिला तिथे कळतं. सगळं मिळून नऊ मिनिटं, मध्ये कट नाही.

पहिली नोंद उजेडाची, कारण बाकीचं सगळं तीच ठरवते. भर दुपारी गल्ली आणि माजघर यांच्या उजेडात इतकी तफावत असते की एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसत नाहीत. गल्ली पांढरी फट्ट पडते नाहीतर माजघर काळंठिक्कर. एक्स्पोजर ऑटोवर सोडलं तर उंबऱ्यात चित्र भसकन उजळतं आणि बघणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून उडतं. सूर्य बुडाल्यावर पाचेक मिनिटांनी मात्र बाहेरचा उजेड आणि घरातल्या बल्बचा उजेड जवळपास एका पातळीवर येतात. त्या दिवसांत इकडे सूर्यास्त सहाच्या दोन-चार मिनिटं आधी होतो, म्हणजे टेक सुरू व्हायची वेळ साधारण सहा वाजून एक-दोन मिनिटं.

अडचण अशी की ही पातळी टिकत नाही. दर चारेक मिनिटांत आभाळाचा उजेड निम्मा होतो. नऊ मिनिटांचा टेक संपेपर्यंत तो सुरुवातीच्या जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. म्हणून बाहेरचा भाग आधी आणि आतला नंतर, असाच रस्ता ठेवावा. शेवट पुन्हा गल्लीत करायचा मोह आवरावा, तिथे तोवर रात्र झालेली असेल. परसदारी मात्र चुलीचा जाळ आणि एक बल्ब असतो, त्यामुळे मागचं निळं-काळं आभाळ तिथे शोभून दिसतं. यातूनच दुसरी गोष्ट ठरते: एका सांजेला पुरा टेक एकच. तेव्हा चार सांजा हाताशी ठेवाव्यात.

कॅमेऱ्याची मापं तालमीच्या आधी ठरवून त्यांना पुन्हा हात लावू नये. एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि १६ मिमीची लेन्स अशा घराला पुरते. अडीच फुटी दारातून जाताना याहून अरुंद लेन्सला जागा मिळत नाही आणि हाताचा हादराही जास्त दिसतो. अॅपर्चर f/5.6 ठेवून फोकस साडेसात फुटांवर हातानं लावला की पावणेचार फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं धारदार राहतं. ऑटोफोकस बंदच. माजघरासारख्या अंधारात तो आधार शोधत पुढे-मागे होतो, आणि एकट्या टेकमध्ये ती चूक झाकायला दुसरा शॉट नसतो. नटांना एकच नियम सांगावा: कॅमेऱ्याच्या चार फुटांच्या आत यायचं नाही. शटर १/५०, फ्रेम २५. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या जोडीत दिव्यांची लुकलुक बहुधा दिसत नाही, तरी घरातला प्रत्येक बल्ब आधी चित्रित करून तपासावा, स्वस्त एलईडी दगा देतात. आयएसओ ३२०० च्या आसपास पक्का करावा आणि व्हाइट बॅलन्सही बांधून टाकावा.

आता नकाशा. घराची खरी मापं टेपनं घ्यावीत: प्रत्येक दाराची रुंदी, चौकटीची उंची, उंबऱ्याची उंची. मग शाळेच्या मैदानात फक्कीनं तेच घर पुऱ्या मापात आखावं. भिंती नसल्यामुळे सगळे सगळ्यांना दिसतात, आणि कोण कुणाच्या वाटेत येतं ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं. संवाद न बोलता नुसतं चालावं आणि घड्याळ लावावं.

इथे हमखास सापडणारी चूक म्हणजे चाल आणि संवाद यांचं न जुळणं. गल्लीच्या तोंडापासून ओसरीपर्यंत चाळीस फूट धरले, तर सावकाश चालीनं अकरा-बारा सेकंद लागतात. संवाद मात्र बावीस सेकंदांचा लिहिलेला असतो. मग नटी नकळत पाय ओढत चालते आणि ते खोटं दिसतं. चाल हळू करून हे सुटत नाही, मध्ये काम द्यावं लागतं. ओट्याजवळ तिनं पिशवी खाली ठेवावी, बादलीतलं पाणी पायांवर घ्यावं, चपला बाजूला साराव्यात. दहा सेकंद सहज भरतात, शिवाय कॅमेऱ्याला तिच्या पुढून बाजूला सरकायला वेळ मिळतो.

कॅमेऱ्याची चाल उंबऱ्यापाशी अडते. कॅमेरामन उलटा चालत नटीचा चेहरा धरून उंबरा ओलांडायला गेला की टाच अडकते. म्हणून नियम असा की उंबरा नेहमी पुढे तोंड करूनच ओलांडायचा. गल्लीत कॅमेरा तिच्या पुढे, पाय धुताना तो अर्धा वळसा घेऊन तिच्या पाठीमागे, आणि घरात शिरताना तो तिच्या मागोमाग. पुन्हा चेहरा हवा असेल तेव्हा तिनं ओसरीवर वळून बापाकडे पाहावं. वळायचं काम नटाला दिलं की कॅमेऱ्याचं अर्धं काम वाचतं. कॅमेरामनच्या कमरेचा पट्टा धरून चालणारा एक माणूस तरीही हवाच. तो बोलत नाही, उंबरा आला की पट्टा दोनदा ओढतो.

वळसा घेतला की कॅमेऱ्याच्या मागची जागा पुढे येते, आणि तिथेच दिग्दर्शक, माइकवाला आणि गल्लीतली पोरं उभी सापडतात. म्हणून कागदावर पाच रकाने आखावेत: वेळ, कॅमेरा कुठे, त्याचं तोंड कुठे, कोण बोलतंय, बाकीचे कुठे लपलेत. उदाहरणार्थ, १ मिनिट ४० सेकंदांना कॅमेरा ओसरीच्या दारात, तोंड बापाकडे, मुलगी बोलतेय, दिग्दर्शक माजघरातल्या कणगीमागे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ अजून ठरलेली नाही असं समजावं. नटांच्या जागांसाठी जमिनीवर चिकटपट्टी लावू नये, ती फ्रेममध्ये येते. घरातलीच वस्तू खूण करावी: पाट, तांब्या, उलटं घमेलं.

गिंबलसह दोन-अडीच किलो वजन नऊ मिनिटं पुढे धरणं अवघड असतं, चौथ्या मिनिटानंतर हात थरथरतात. तेव्हा ओसरीवरचा बापाचा मोठा संवाद तिथेच येईल असं बघावं, म्हणजे कॅमेरामनला दाराच्या चौकटीला खांदा टेकून आणि कोपरं पोटाशी घेऊन मिनिटभर विसावा मिळतो.

तालमी पाच दिवसांच्या धराव्यात. पहिला दिवस मैदानातला. दुसऱ्या दिवशी सगळे एका ठिकाणी बसून फक्त संवाद, घड्याळ लावून, नऊ मिनिटांच्या पंधरा सेकंद अलीकडे-पलीकडे येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी खऱ्या घरात, मोबाइलवर चित्रण करून. चौथ्या दिवशी पुऱ्या वजनाच्या कॅमेऱ्यासह, दिवसाउजेडी, किमान सहा वेळा. पाचव्या दिवशी ठरलेल्या वेळी, कपडे-दिवे-चुलीसकट, आणि ते चित्रीकरणही जपून ठेवावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या मधे संहितेला कात्री लावावी. एरवी संकलनात जे कापलं असतं ते इथे तालमीतच कापावं लागतं, नंतर एक सेकंदही काढता येत नाही.

चूल सोपी समजू नये. वांगं भाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि आईच्या संवादात साल सोलायची कृती असेल तर ते त्याच क्षणी भाजून तयार हवं. पावणेसहाला पऱ्हाट्या पेटवाव्यात, एक जोड आधीच भाजून झाकून ठेवावी, आणि पेटवल्यानंतर धूर कुठे वळतो ते रोज बघावं. लेन्सवर धुराचा थर बसला तर बल्बभोवती धूसर वलय दिसू लागतं.

आवाजासाठी मुलगी, आई आणि बाप यांच्या अंगावर छोटे माइक, आणि ओसरी व परसदारी एकेक रेकॉर्डर लपवलेला. सगळे आधी चालू करून एकच टाळी वाजवावी. पीठगिरणी, देवळातला भोंगा आणि शेजारची मोटर सहा ते सव्वासहा बंद राहतील का, हे आदल्या दिवशी जाऊन विचारावं. फोनवर विचारलेलं बहुतेक वेळा विसरलं जातं.

आता पर्यायी वाटा. वीज जाण्याचा धोका असतोच, म्हणून बल्ब बॅटरीवरच चालवावेत. तरीही अंधार झालाच तर घरात बसलेल्या आजीच्या हाताशी पेटता कंदील असावा आणि तो उचलून आणण्याची तालीम झालेली असावी. संवाद विसरला तर कुणीही थांबायचं नाही. वेळ भरून काढायची जबाबदारी अहिराणी घरची भाषा असलेल्या नटावर द्यावी. त्याचं ‘बठ ना’ सहज येतं, बाहेरून आलेल्या नटाचं तेच वाक्य पाठांतर वाटतं.

थांबवायचा हक्क एकट्या दिग्दर्शकाला, आणि तोही पहिल्या नव्वद सेकंदांपर्यंत. एकाच टेकमध्ये घेतलेल्या ‘रशियन आर्क’ या चित्रपटाच्या २३ डिसेंबर २००१ च्या चित्रीकरणात सुरुवातीचे प्रयत्न फसले आणि चौथा पुरा झाला. लवकर थांबवलं तर पुन्हा सुरू करता येतं. आपल्याकडे तीन-चार मिनिटांत पुन्हा सुरुवात झाली तरच उजेड पुरेल, म्हणून बादली भरणारा आणि पिशवी उचलून देणारा माणूस नेमलेला हवा. नव्वद सेकंदांनंतर चुकलं तरी शेवटपर्यंत जायचं.

कारण शेवटची पर्यायी वाट त्यावरच उभी असते. माजघराच्या अंधारात मुलीची पाठ पुरी फ्रेम व्यापेल असा एक सेकंद नऊ मिनिटांत मुद्दाम बांधून ठेवावा, रोज त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच वेगानं. चार फुटांचा नियम फक्त इथे मोडायचा. त्या सेकंदात कुणी बोलायचं नाही. एका सांजेचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या सांजेचा उत्तरार्ध तिथे जोडता येतात. जोड न दिसण्याची अट वेळेची आहे: उत्तरार्ध सूर्यास्तानंतर त्याच मिनिटाला घेतलेला हवा, नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीतलं आभाळ लगेच चुगली करतं. तिसऱ्या सांजेपर्यंत पुरा टेक मिळाला नाही, तर चौथ्या सांजेला फक्त उत्तरार्ध घ्यावा, जोडाच्या अर्धा मिनिट आधी ओसरीपासून चालत येऊन, म्हणजे श्वास आणि चाल जुळते. आणि रोज टेक संपल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर गप्प उभं राहून त्या घराचा रिकामा आवाज नोंदवून घ्यावा, जोडाखाली तोच अंथरायचा असतो.