वाटाण्याची सोळा घरे: द्विसंकर संकरणाचे गुणोत्तर कसे काढावे

साताऱ्यातल्या किराणा दुकानात मिळणारा पांढरा आणि हिरवा वाटाणा रात्रभर भिजवून सकाळी साल काढली, तर एकाची आतली डाळ पिवळसर दिसते आणि दुसऱ्याची हिरवी. मेंडेल यांनी दाण्याचा जो रंग मोजला तो या डाळीचा होता. मंडईतल्या कोवळ्या शेंगांवरून तो ठरवता येत नाही, कारण न पिकलेला दाणा हिरवाच असतो.

या लेखात डाळीचा रंग आणि दाण्याचा आकार अशी दोनच लक्षणे घेऊ. गोल आकाराचे जनुक R प्रभावी असून सुरकुतलेल्या आकाराचे r अप्रभावी आहे. तसेच पिवळ्या रंगाचे Y प्रभावी आणि हिरव्याचे y अप्रभावी आहे. दोन्ही पालक RrYy आहेत, म्हणजे दिसायला गोल-पिवळे, परंतु दोन्ही अप्रभावी जनुके आत बाळगणारे.

पहिली पायरी युग्मके, म्हणजे पालकांच्या प्रजननपेशी, लिहिण्याची आहे आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. प्रत्येक युग्मकात प्रत्येक जोडीतले एकच जनुक जाते, म्हणून R बरोबर एकदा Y आणि एकदा y घ्यावे, मग r बरोबर तसेच करावे. RY, Ry, rY आणि ry अशी चार युग्मके मिळतात. माझ्याकडे शिकवणीला येणारी काही मुले चौकटीच्या कडेला Rr आणि Yy लिहून मोकळी होतात. ही चूक ओळखणे सोपे आहे: एकाच युग्मकात एकाच अक्षराची दोन रूपे दिसली, तर ते युग्मक नव्हे.

आता चौकटीच्या वहीत चार उभे आणि चार आडवे रकाने आखून एका पालकाची युग्मके वर व दुसऱ्याची डावीकडे, दोन्हीकडे एकाच क्रमाने लिहावीत. घर भरताना आधी आकाराची दोन अक्षरे, मग रंगाची दोन, आणि जोडीत मोठे अक्षर पुढे, एवढा नियम पाळावा; नाहीतर YyRr आणि RrYy हे वेगळे समजून मोजणी चुकते.

```
      RY    Ry    rY    ry
RY   RRYY  RRYy  RrYY  RrYy
Ry   RRYy  RRyy  RrYy  Rryy
rY   RrYY  RrYy  rrYY  rrYy
ry   RrYy  Rryy  rrYy  rryy
```

मोजण्यापूर्वी दोन्ही कर्ण तपासावेत. डावीकडून खाली येणाऱ्या कर्णावर चारही घरे शुद्ध जनुकप्रकारांची आणि दुसऱ्या कर्णावर चारही घरे RrYy यायला हवीत. तसे नसेल तर कडेचा क्रम बिघडला आहे किंवा एखादे घर चुकले आहे.

स्वरूपप्रकार, म्हणजे दाणा दिसतो कसा ते, मोजताना प्रत्येक घराला दोनच प्रश्न विचारावेत: निदान एक R आहे का, आणि निदान एक Y आहे का. दोन्हींचे उत्तर होय अशी 9 घरे गोल-पिवळी, फक्त R असलेली 3 गोल-हिरवी, फक्त Y असलेली 3 सुरकुतलेली-पिवळी आणि उरलेले 1 सुरकुतलेले-हिरवे. बेरीज 16 आली पाहिजे. पडताळा म्हणून एकच लक्षण पाहावे: गोल 12 आणि सुरकुतलेले 4, म्हणजे 3:1.

मेंडेल यांना अशा संकरणातून 556 दाणे मिळाले. 556 ला 16 ने भागून 9, 3, 3 आणि 1 ने गुणले, तर अनुक्रमे 312.75, 104.25, 104.25 आणि 34.75 अशी अपेक्षा निघते. प्रत्यक्षात 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे आणि 32 सुरकुतलेले-हिरवे होते. सोळाच दाणे हाती असतील, तर मात्र ठीक 9:3:3:1 मिळण्याची अपेक्षा करू नये, कारण घरे शक्यता सांगतात, वाटणी नव्हे.

या सगळ्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे: चारही युग्मके सारख्याच संख्येने तयार होतात. दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, किंवा एकाच गुणसूत्रावर पुरेशी दूर असतील, तरच ते खरे ठरते. ज्यांच्या नावाने ही चौकट ओळखली जाते त्या पनेट यांनाच, बेटसन आणि सॉन्डर्स यांच्यासह स्वीट पी या फुलझाडाच्या संकरणात याचा प्रत्यय आला. फुलाचा जांभळा रंग आणि परागकणांचा लांबट आकार या प्रभावी लक्षणांसाठी मोजलेल्या 381 झाडांत 284 दोन्ही प्रभावी, 21 आणि 21 मिश्र, आणि 55 दोन्ही अप्रभावी निघाली, जेथे अपेक्षा सुमारे 214, 71, 71 आणि 24 अशी होती. दोन्ही मिश्र गट असे एकाच वेळी रोडावले आणि शेवटचा गट फुगला, तर आकडेमोड पुन्हा करत बसू नये; जनुके सहलग्न, म्हणजे एकाच गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ, असल्याची ती खूण आहे. तेव्हा कडेच्या प्रत्येक युग्मकापुढे त्याचा वेगळा वाटा लिहून प्रत्येक घरात त्या दोन वाट्यांचा गुणाकार मांडावा लागतो.