‘आहे’ दिसलं की ‘हॅव’? आधी ‘केव्हा’ विचारा

शाळेत एक तक्ता पाठ करून घेतात. ‘केलं’ म्हणजे साधा भूतकाळ, म्हणून ‘डिड’. ‘केलं आहे’ म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, म्हणून ‘हॅव डन’. ‘केलं होतं’ म्हणजे पूर्ण भूतकाळ, म्हणून ‘हॅड डन’. परीक्षेत या तक्त्यावर मार्क मिळतात. नोकरीला लागल्यावर इंग्रजीत ईमेल लिहायची वेळ आली की हाच तक्ता गोत्यात आणतो. ‘मी काल फॉर्म भरला आहे’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, पण त्याचं ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’ केलं की इंग्रजी वाचणारा अडखळतो.

मराठीतलं ‘आहे’ बरेचदा खात्री देतं. ‘भरला आहे’ म्हणजे काम झालंय, त्याची नोंद आहे, काळजी नको. ते काम काल झालं की दहा वर्षांपूर्वी, याच्याशी या ‘आहे’चं भांडण नसतं. म्हणून आपण ‘मी 2015 साली बी.ए. केलं आहे’ असंही बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीतलं ‘हॅव’ मात्र घटनेकडे आजच्या बाजूनं बघतं. वाक्यात संपलेली वेळ सांगितली की त्याला तिथे जागा राहत नाही. त्यामुळे भाषांतर करताना मराठी क्रियापदाचं शेपूट थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि पुढच्या क्रमानं जायचं.

पहिली पायरी: वाक्याला ‘केव्हा?’ विचारा. उत्तर वाक्यातच असेल आणि ती वेळ संपलेली असेल (काल, सोमवारी, 2015 साली, लहानपणी, मघाशी दहा वाजता) तर साधा भूतकाळ, मग मराठीत शेवटी ‘आहे’ असो, ‘होतं’ असो की काहीच नसो. ‘मी काल आलो होतो’ याचंही ‘आय केम यस्टरडे’ असंच होतं. ‘हॅड कम’ तेव्हाच, जेव्हा दुसरी एखादी घटना त्याच्यानंतरची असते: मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘आय हॅड गॉन देअर लास्ट वीक’ सर्रास ऐकू येतं. ते या ‘होतो’चंच बाळ आहे.

वेळ कधीकधी लपलेली असते. ‘शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला आहे’ या वाक्यात साल नाही, पण तो काळ संपून साडेतीनशे वर्षं झाली. इंग्रजीत ‘बिल्ट’च. हयात नसलेल्या माणसानं काय काय केलं हे सांगताना सहसा हाच नियम चालतो. हयात लेखकाबद्दल ‘हॅज रिटन टेन बुक्स’ म्हणता येतं, कारण अकरावं अजून येऊ शकतं.

दुसरी पायरी: वेळ सांगितलेलीच नसेल, किंवा सांगितलेली वेळ अजून चालू असेल (आज, या आठवड्यात, अजून, आतापर्यंत) तर त्या घटनेचा परिणाम या क्षणी समोर आहे का, ते बघा. असेल तर ‘हॅव’. इथे उलटी गंमत होते. मराठीत ‘आहे’ नसतं आणि इंग्रजीत ‘हॅव’ लागतं. दुपारी दीड वाजता शेजारच्या काकू ‘जेवलास का?’ विचारतात, तेव्हा त्यांना तू केव्हा जेवलास हे नको असतं. पोट भरलंय की ताट वाढू, एवढंच हवं असतं. म्हणून ‘हॅव यू ईटन?’ ‘किल्ली हरवली!’ असं दारात उभं राहून म्हणालात तर ‘आय हॅव लॉस्ट माय की’. मागच्या महिन्यात हरवली आणि आता नवीन करून घेतली, असा किस्सा सांगत असाल तर ‘आय लॉस्ट माय की’.

काही वाक्यांना तर दोन्ही काळ लागत नाहीत. ‘भूक लागली’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हंग्री’. आणि जिन्यातून ओरडलेलं ‘आलो, आलो!’ म्हणजे ‘कमिंग!’, कारण माणूस अजून यायचाच असतो.

तिसरी पायरी ‘नाही’साठी. इथे मराठी फारशी मदत करत नाही. ‘तो काल आला नाही’ आणि ‘तो अजून आला नाही’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. फरक सगळा ‘काल’ आणि ‘अजून’ यांच्यात. पहिल्याला ‘डिडंट कम’, दुसऱ्याला ‘हॅजंट कम येट’. शंका आली तर ‘आला नाही’च्या जागी ‘आलेला नाही’ घालून बघा. वाक्य सहज वाटलं तर बहुधा ‘हॅजंट’. ‘कधी’चंही असंच. ‘तुम्ही कधी आलात?’ यात ‘कधी’ म्हणजे ‘केव्हा’, म्हणून ‘व्हेन डिड यू कम?’ पण ‘तुम्ही कधी कोकणात गेला आहात का?’ यातलं ‘कधी’ आयुष्यभराचं आहे, म्हणून ‘हॅव यू एव्हर बीन टु कोकण?’ इथे ‘गॉन’ नको. ‘गॉन’ म्हणजे गेलेला माणूस अजून तिकडेच आहे.

आता एक खरंखुरं वाटावं असं पत्र घेऊ. ‘सर, मी 4 तारखेला फॉर्म भरला आहे. पैसेही भरले आहेत. अजून पावती आली नाही. सोमवारी फोन केला होता, तेव्हा दोन दिवसांत मिळेल असं सांगितलं.’

पहिल्या वाक्यात तारीख आहे, म्हणून ‘आहे’ असूनही ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन द फोर्थ’. दुसऱ्यात तारीख नाही. पैसे जमा आहेत, हा आजचा मुद्दा: ‘आय हॅव ऑल्सो पेड द फी’. इथे ‘आय ऑल्सो पेड’ लिहिलं तरी चूक नाही. मग ते पैसे त्याच दिवशी भरल्यासारखं वाचलं जातं. मी स्वतः ‘हॅव’ ठेवीन, कारण भांडण पैसे पोचले की नाही याचं होणार आहे. तिसऱ्यात मराठी ‘आहे’ नाही, तरी ‘अजून’मुळे ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द रिसीट येट’. चौथ्यात ‘होता’ दिसतं, पण सोमवार संपला: ‘आय कॉल्ड ऑन मंडे अँड वॉज टोल्ड आय वुड गेट इट इन टू डेज’. मराठीत तीन वेळा ‘आहे-होता’ आलं, इंग्रजीत त्यातलं एकच टिकलं. जिथे आपण काहीच लावलं नव्हतं तिथे मात्र ‘हॅव’ आलं.

बातमी सांगतानाही हे उपयोगी पडतं. ‘आजोबा पडले. काल रात्री बाथरूममध्ये घसरले.’ मराठीत दोन्हीकडे साधा भूतकाळ. इंग्रजीत बातमी ‘हॅव’नं उघडते आणि तपशील भूतकाळात जातो: ‘ग्रँडफादर हॅज हॅड अ फॉल. ही स्लिप्ड इन द बाथरूम लास्ट नाइट.’ तपशिलातही ‘हॅज’ रेटत नेलं की परिच्छेद जड होतो.

अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी लिहिताना थोडी सैल मोजपट्टी चालते. ‘आत्ताच जेवलो’ला ते ‘आय जस्ट एट’ म्हणतात. ब्रिटिश वळणाचं इंग्रजी तिथे ‘आय हॅव जस्ट ईटन’ पसंत करतं. पण ‘यस्टरडे’बरोबरचं ‘हॅव’ दोघांच्याही कानाला खटकतं.