कमी भावाची मोठी ऑर्डर आलीय आणि मशीन रिकामी आहेत, घ्यायची का? हिशोब असा करा

सोलापूरच्या ओळखीतल्या एका टॉवेल कारखानदाराचा मागे फोन आला. एक हॉटेलवाला ४,००० टॉवेल मागतोय पण भाव देतोय ८५ आणि आम्हाला तर एक टॉवेल ९६ ला पडतो, मग नाही म्हणून टाकू का? मी म्हटलं थांब, आधी ते ९६ आले कुठून ते बघू. (खालचे आकडे सोपे करून घेतलेत, सगळे भाव जीएसटी सोडून.)

पहिलं काम म्हणजे पडतळ फोडा. त्याचं सूत ४८, डाईंग ९, विणकामाची नगावर मजुरी ८, कटिंग-शिलाई ४, वीज ४, पॅकिंग ३, हे झाले ७६. उरलेले २० म्हणजे शेडचं भाडं, मुकादमाचा पगार, लूमचा हप्ता असं महिन्याचं २ लाख ८० हजार भागिले नेहमीचे १४,००० टॉवेल. आता हॉटेलची ऑर्डर घेतली काय किंवा सोडली काय, हे २ लाख ८० हजार जाणारच आहेत, म्हणून या ऑर्डरच्या हिशोबात ते धरायचेच नाहीत. इथेच बहुतेक जण चुकतात आणि चांगली ऑर्डर परत पाठवतात. एक मात्र बघा, तुमचे विणकर नगावर नसून महिन्याच्या पगारावर असतील तर ते ८ रुपयेसुद्धा बाजूला काढा, आणि उलट ओव्हरटाईम द्यावा लागणार असेल तर मजुरी वाढवून धरा.

मग फक्त या ऑर्डरमुळे काय बदलतं ते लिहून काढा. हॉटेलला खोका नको, नुसता गठ्ठा चालतो, म्हणजे २ रुपये वाचले आणि खर्च ७४ वर आला. ८५ मधून ७४ गेले की टॉवेलमागे ११ सुटतात, ४,००० चे झाले ४४,०००. यातून लोगोच्या डिझाईनचे ६,००० आणि गाडीभाडं ५,००० जाणार. शिवाय माल बनवण्यापासून पैसे येईपर्यंत दोन महिने साधारण ३ लाख अडकणार, त्याचं महिना १ टक्क्याने व्याज ६,०००. हातात राहिले २७,०००. म्हणजे कागदावर ११ चा तोटा दिसत होता ती ऑर्डर खरं तर फायद्याची निघाली. खालची हद्द पण इथेच कळते, सगळं धरून ७८ रुपये २५ पैसे, त्याच्या खाली गेलात तर खिशातून घालावे लागतील.

आता क्षमता खरंच रिकामी आहे का ते बघा, आणि हे नुसते लूम मोजून कळत नाही. त्याचे लूम महिन्याला २०,००० टॉवेल काढतात, म्हणजे ६,००० ची जागा आहे, पण शिलाईची टेबलं भरलेली असती तर माल तिथेच तुंबला असता. सगळ्यात अरुंद टप्पा जेवढा सोडेल तेवढीच तुमची रिकामी क्षमता.

हॉटेलवाल्याने नंतर विचारलं, याच महिन्यात ८,००० देता का? ऐकायला मस्त वाटतं, पण जागा ६,००० ची, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकाचे २,००० टॉवेल बाजूला सारावे लागणार, आणि ते ११० ला जातात म्हणजे एकेकावर ३४ सुटतात. गेले ६८,०००! ८,००० वर सुटले ८८,०००, त्यातून हे ६८,००० गेले की उरले २०,०००, आणि लोगो, दुप्पट गाडीभाडं, दुप्पट व्याज मिळून २८,०००. ऑर्डर दुप्पट आणि वर ८,००० चा तोटा. म्हणून त्याने ४,००० या महिन्यात आणि ४,००० पुढच्या महिन्यात असं सांगितलं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती भाव फुटण्याची. बाजारातल्या दुकानदारांना कळलं की हाच टॉवेल हॉटेलला ८५ ला गेला तर ते पण घासाघीस करणार, आणि १४,००० वर नुसते २ रुपये जरी सोडले तरी महिन्याला २८,००० गेले, म्हणजे पूर्ण ऑर्डरची कमाई साफ, ती पण दर महिन्याला. म्हणून माल वेगळा दिसू द्या, साईज वेगळी, लोगो विणलेला, तुमचं नेहमीचं लेबल नको. गिऱ्हाईक त्याच बाजारात विकणारा व्यापारी असेल तर मी तरी ही ऑर्डर घेणार नाही.

शेवटी कोटेशन. त्यात स्पष्ट लिहा की हा भाव एवढ्याच नगांसाठी आणि अमुक तारखेपर्यंतच, कारण सूत वर गेलं की ११ रुपयांचं मार्जिन चार दिवसांत खलास होतं. निम्मा ॲडव्हान्स मागा, निदान सुताचे बरेचसे पैसे तरी निघतील. आणि उद्यम नोंदणी असेल तर नंबर बिलावर टाका, कारण लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, त्याने ६० म्हटलं तरी.