अस्तर धुतलंत का? कापड शिवायला टाकण्याआधी या चुका टाळा

खान्देशात मार्च संपत आला की सुती कापडाची खरेदी सुरू होते. उन्हाळा अंगावर आलेला असतो, पुढे आखाजी असते, लग्नं असतात, आणि जळगाव-भुसावळकडच्या 43-44 अंशांत सिंथेटिक कपडा अंगात घालवत नाही. म्हणून मीटरवर सुती कापड घ्यायचं, त्याला सुती अस्तर लावायचं आणि टेलरकडे टाकायचं. मग दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात तक्रारी सुरू होतात: कुर्ता आखूड झाला, घेर वाकडा पडतोय, पांढरं अस्तर गुलाबी झालं. टेलरच्या नावाने बोटं मोडली जातात, पण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ शिलाईत नसून शिवण्याआधी जे झालं नाही त्यात असतं.

कापड का आटतं, हे आधी समजून घेऊ. मागावर उभा धागा ताणून धरलेला असतो. नंतर रंगाई, छपाई, खळ, इस्त्री या सगळ्यांतही कापड लांबीकडे ओढलेलंच राहतं आणि खळीमुळे ते त्या ताणलेल्या अवस्थेत बसून जातं. पाणी लागलं की सुती धागा फुगतो, खळ सुटते, ताण निघतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येतं. म्हणून ते लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात कमी. साध्या सुती कापडाची लांबी 100 ला 4 ते 8 ने कमी होणं अगदी नेहमीचं आहे. रेयॉन त्याहून जास्त आटू शकतं, तेही एकदम न आटता पुढच्या दोन-तीन धुण्यांपर्यंत थोडंथोडं आटत राहतं. ज्या कापडावर गिरणीतच आटवण्याची प्रक्रिया झालेली असते ते जेमतेम 1 टक्का आटतं, आणि पॉलिस्टर जवळजवळ आटतच नाही.

सगळ्यात मोठी चूक: वरचं कापड धुतलं, अस्तर तसंच दिलं

वरचं कापड आवडीने घेतलेलं असतं, म्हणून ते काळजीने भिजवलं जातं. अस्तर मात्र टेलरच्या दुकानातूनच लावायला सांगतात, किंवा बाजारातून आणून घडीसकट पिशवीत टाकतात. पण स्वस्त सुती अस्तरावर प्रक्रिया कमी झालेली असते, त्यामुळे अनेकदा तेच वरच्या कापडापेक्षा जास्त आटतं.

एक उदाहरण मापांसकट बघू. मरून रंगाचं सुती कापड, 44 इंच पन्हा, 42 इंच लांबीचा अस्तराचा कुर्ता. खांदा आणि खालची दुमड धरून एका बाजूला 45 इंच लागतात, पुढची-मागची मिळून 90 इंच. बाह्या बाजूच्या पट्टीतून निघतात. म्हणजे 2.30 मीटरमध्ये काम होतं असा हिशेब निघतो आणि बऱ्याचदा तेवढंच घेतलं जातं.

हे कापड 6 टक्के आटणारं असेल तर 90 इंचांचे साधारण 85 उरतात. न धुता शिवलं तर 42 चा कुर्ता धुतल्यावर साडेएकोणचाळीसवर येतो. धुऊन शिवलं तर कापडच पाच इंच कमी पडतं. म्हणून उलटा हिशेब करायचा: लागणारे 90 भागिले 0.94, म्हणजे जवळपास 96 इंच, म्हणजे अडीच मीटर घ्यायचं. दुकानात उभं राहून एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: सुती कापड मापापेक्षा दर मीटरमागे आठ-दहा सेंटिमीटर जास्तीचं घ्यावं.

आता अस्तर. वरचं कापड नीट धुतलेलं आहे, ते आता आटणार नाही. अस्तर न धुता 40 इंचांचं कापून आत बसवलं आणि खाली दुमडीत पक्कं केलं. अस्तर 8 टक्के आटलं की 40 चं 36.8 होतं. आत तीन इंच कमी झाले आणि बाहेरचं कापड आहे तेवढंच आहे. मग अस्तर घेराला वर ओढतं, बाहेरचं कापड फुगा धरून लोंबतं, बाजूच्या शिवणीवर चुण्या पडतात. कितीही इस्त्री फिरवली तरी ते सरळ होत नाही. अर्धं काम करण्यापेक्षा दोन्ही न धुतलेली बरी, असंही म्हणता येत नाही, कारण दोघांचं आटण्याचं प्रमाण वेगळंच असतं. एका कपड्यात जाणारं सगळं सुती, म्हणजे वरचं कापड, अस्तर, गळ्याची पायपिंग, सुती लेस, हे एकाच वेळी, एकाच पद्धतीने धुऊन टेलरकडे गेलं पाहिजे. टेलरकडूनच अस्तर लावून घेणार असाल तर ते आधी मागून घ्या, घरी धुवा आणि परत द्या. गर्दीच्या दिवसांत त्यांना हे जड जातं, म्हणून कापड टाकायच्या आठवडाभर आधीच अस्तर आणलेलं बरं.

पाण्यातून नुसतं काढणं

नवं कापड बादलीत टाकलं की सुरुवातीला तरंगतं, कारण खळ पाणी आत जाऊ देत नाही. पाच मिनिटं बुडवून काढलेल्या कापडाचा ताण पुरता निघालेलाच नसतो. दुसऱ्या टोकाला, रात्रभर भिजत घालायची जुनी सवय आहे. थंडीत ती चालते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खळीचं पाणी सकाळपर्यंत आंबतं, कापडाला वास लागतो आणि कधी डागही पडतात. दोन-तीन तास पुरेसे आहेत. अर्ध्या वेळाने ते गढूळ पाणी फेकून नवं घ्यायचं. पाणी दिवसाआड येत असेल तर हे फेकलेलं पाणी अंगण धुवायला वापरता येतं, फक्त गडद रंगाचं पाणी फरशीवर टाकू नका.

भिजवण्याआधी कापलेल्या दोन्ही टोकांना इंटरलॉक करून घ्या किंवा हाताने मोठे टाके घाला. नाहीतर धागे सुटून जाळं होतं आणि दोन्हीकडून दोन-दोन इंच वाया जातात. भिजून झालं की पुढे तो कपडा जसा धुणार आहात तसाच धुवा. मशीनमध्ये टाकणार असाल तर आताही मशीनमध्येच, त्याच पावडरने. हलक्या हाताने धुऊन शिवलेला कुर्ता नंतर मशीनमध्ये टाकला तर तो आणखी आटतो.

पिळू नका. पाणी निथळू द्या आणि लांबीच्या दिशेने दोरीवर टाका. गडद रंग सावलीत वाळवा, इथल्या दुपारच्या उन्हात घडीच्या वरच्या बाजूचा पट्टा फिका पडायला वेळ लागत नाही. किंचित ओलं असताना इस्त्री करा, पण ओढून नव्हे. ओढलंत तर काढलेला ताण पुन्हा भरलात.

किती आटलं हे पाहायचं असेल तर धुण्याआधी मधल्या भागात लांबी-रुंदी 50-50 सेंटिमीटर मोजून कोपऱ्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे टाके घाला. धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजा. लांबीत 47 भरले तर 6 टक्के आटलं. आणखी एकदा धुऊन मोजल्यावर माप तेच राहिलं तर कापड शिवायला तयार आहे. रेयॉनसाठी ही दुसरी खेप टाळू नका.

मिठाच्या पाण्यावर भरवसा

रंग जाऊ नये म्हणून मूठभर मीठ किंवा तुरटी टाकायची पद्धत घरोघरी आहे. पाणी स्वच्छ दिसतं आणि रंग पक्का झाला असं वाटतं. प्रत्यक्षात मीठ रंग पक्का करत नाही. सुती कापडाच्या काही रंगांच्या बाबतीत मिठामुळे रंग पाण्यात न उतरता तेवढ्यापुरता धाग्यालाच धरून राहतो. रंगारी रंगाच्या हौदात मीठ घालतात तेही रंग धाग्याकडे ढकलण्यासाठीच. पुढच्या धुण्यात साधं पाणी आलं की तो रंग पुन्हा सुटतो. म्हणजे मिठाने फसवी चाचणी होते. तुरटीचा उपयोग वनस्पतीजन्य रंगांमध्ये, तोही रंगवतानाच, असतो. दुकानातल्या तयार कापडावर ती हा दोष दुरुस्त करत नाही.

खरी चाचणी अशी. कापडाचा कोपरा पावडरच्या पाण्यात भिजवा, त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा ठेवा, गुंडाळी करून अर्धा तास दाबून ठेवा. पाणी तेच घ्या ज्यात तो कपडा पुढे धुणार आहात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी चांगलंच तापलेलं असतं आणि गरम पाण्यात रंग जास्त सुटतो, त्यामुळे सकाळच्या गार पाण्यावरचा निकाल दुपारच्या धुण्याला लागू पडत नाही.

पांढऱ्या तुकड्याला रंग लागला म्हणजे कापड वाया गेलं असं नाही. कापड खळबळून तीनदा धुवा आणि दर वेळी नवा पांढरा तुकडा लावून बघा. डाग प्रत्येक वेळी फिका होत गेला तर तो वरवर राहिलेला जादाचा रंग होता, तो निघून जातो. तिसऱ्या वेळीही पहिल्याइतकाच गडद डाग आला तर रंग धाग्यात बसलेलाच नाही, आणि तो घरी बसवता येणार नाही. मग त्याला पांढरं अस्तर, पांढरी पायपिंग किंवा फिकी लेस लावू नका. त्याच रंगाचं अस्तर घ्या आणि कायम वेगळं धुवा. पांढऱ्या कुर्त्याला मरून पायपिंग लावायची असेल तर ही चाचणी पायपिंगच्या कापडावर करा, कारण तेवढी अर्ध्या इंचाची पट्टी अख्खा गळा खराब करते.

रेशीम, जरीकाम, ड्रायक्लीनचं कापड आणि चिकटवायचं कॅनव्हास यांना हे काहीही करू नका. टेरिकॉटच्या पँटपीसलाही सहसा गरज नसते.

शिवून झाल्यावर बिघडलं असेल तर

कुर्ता उलटा करा आणि खांद्यांना धरून लटकवा. अस्तर ताणलेलं आणि वरचं कापड फुगलेलं दिसलं तर अस्तर आटलंय. खालची दुमड उसवून अस्तर मोकळं सोडायला सांगा, बाजूच्या शिवणीत अडकलं असेल तर तेवढीही उसवा. तीन इंच वर राहिलेलं मोकळं अस्तर बाहेरून दिसत नाही आणि घेर सरळ पडतो. उलट अस्तर खालून डोकावत असेल तर वरचं कापड आटलंय. तिथे अस्तर छाटायचं आणि दुमडीत माया शिल्लक असेल तर ती सोडायची. अंगात घट्ट झाला असेल तर बाजूच्या मायेतून अर्धा-पाऊण इंच मिळू शकतो, पण जुन्या शिवणीची रेघ राहू शकते, हे आधी टेलरला विचारून घ्या.

अस्तराला रंग लागला असेल तर तो कपडा वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको. ओला असतानाच गार पाण्यात पावडर घालून पुन्हा भिजवा आणि पाणी रंगीत झालं की बदला. एकदा उन्हात वाळून वर इस्त्री फिरली की तो डाग काढणं फार कठीण जातं, आणि ब्लीच वापरलं तर अस्तराआधी वरच्या मरून कापडावरच पांढरे चट्टे पडतात.