टीव्ही रोज ठरावीक वेळी बंद होतो? बोर्ड बदलण्याआधी या चुका टाळा

टीव्ही ठरावीक वेळी आपोआप बंद होऊ लागला की मेकॅनिकला बोलावून थेट पॉवर बोर्ड बदलून घेतला जातो, आणि ही यातील सर्वांत खर्चिक चूक आहे. बोर्डातील बिघाड सहसा वेळ पाळत नाही. त्यामुळे टीव्ही कधी दहा मिनिटांत, तर कधी तासाभराने बंद पडतो. याउलट टीव्ही रोज तितक्याच वेळाने बंद होत असेल, लाल दिवा स्थिर राहत असेल आणि बटण दाबताच टीव्ही पुन्हा नीट सुरू होत असेल, तर आधी सेटिंग तपासावे.

सांगलीत विश्रामबागमधील एका घरी सायंकाळी सहाला लावलेला टीव्ही रात्री दहाला बंद होत असे. घरच्यांनी Sleep Timer पाहिला, तर तो बंदच होता. बहुतेक टीव्हींमध्ये तो एकदाच काम करतो आणि टीव्ही बंद झाल्यावर रद्द होतो, म्हणून रोजच्या तक्रारीचे मूळ तिथे क्वचितच सापडते. दुसऱ्या दिवशी टीव्ही मुद्दाम सातला लावला. तो दहालाच बंद झाला असता, तर घड्याळाच्या वेळेवर चालणाऱ्या Off Timer वर संशय घेता आला असता. पण तो अकराला बंद झाला, म्हणजे टीव्ही चार तास मोजत होता.

ही मोजणी Auto Power Off ची असते आणि ती टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटचे बटण शेवटचे दाबल्यापासून सुरू होते. या घरात चॅनेल आणि आवाज दोन्ही केबलच्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने बदलले जात, त्यामुळे समोर सगळे कुटुंब बसलेले असूनही टीव्हीच्या लेखी कोणीच नव्हते. तिसऱ्या दिवशी सहाला टीव्ही लावून आठला त्याच्याच रिमोटने आवाज थोडा वाढवला, तेव्हा तो रात्री बारापर्यंत चालला आणि शंका उरली नाही.

हे सेटिंग नव्या सॅमसंग टीव्हीत Power and Energy Saving मध्ये, जुन्यांत Eco Solution मध्ये मिळते. सोनीच्या अनेक टीव्हींत त्याला Idle TV Standby म्हणतात. टीव्ही चालू ठेवून झोपण्याची घरात कोणाला सवय असेल, तर ते पूर्ण बंद करण्यापेक्षा, पर्याय असल्यास, सहा किंवा आठ तासांवर ठेवणे मला अधिक योग्य वाटते. इको विभागातील प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पर्यायांना मात्र हात लावू नये. त्यांमुळे चित्र मंद होते, टीव्ही बंद होत नाही.

फॅक्टरी रीसेटही करू नये, कारण बऱ्याच टीव्हींत हे सेटिंग कंपनीकडूनच चालू असते आणि रीसेटनंतर ते पुन्हा चालू होते. एवढे करूनही टीव्ही बंद होत असेल आणि त्याआधी पडद्यावर No Signal दिसत असेल, तर सेट-टॉप बॉक्स आधी स्टँडबायवर जातो आणि सिग्नल न मिळाल्याने टीव्ही काही मिनिटांनी बंद होतो. अशा वेळी बदल बॉक्सच्या मेनूत करावा लागतो.